बिनकाट्याच्या निवडुंगाचे काटे

पुण्या-नाशिकच्या कुठल्याही रोपवाटिकेत निवडुंगांच्या रांगेत एक गोजिरवाणी कुंडी हमखास दिसते. चपटी, हिरवी, सशाच्या कानांसारखी जोडीजोडीने वर आलेली पानं आणि त्यांवर ओळीत मांडलेले पिवळसर मऊ ठिपके. लांब काटा एकही नाही. त्यामुळे गिऱ्हाईक सहज बोट फिरवून बघतं. तेव्हा काहीच दुखत नाही. थोड्या वेळाने मात्र पिशवी उचलताना, खिशात हात घालताना, कपाळावरचा घाम पुसताना बोटाला टोचायला लागतं आणि निरखून पाहिलं तरी काय टोचतंय ते दिसत नाही.

या झाडाचं शास्त्रीय नाव ओपुन्शिया मायक्रोडेसिस. ते मूळचं मेक्सिकोतलं. त्याच्या प्रत्येक पिवळ्या ठिपक्यात केसांहून बारीक कुसळांचा दाट झुबका असतो. वनस्पतिशास्त्रज्ञ या कुसळांना ‘ग्लॉकिड’ म्हणतात. आपल्याकडच्या माळावर, बांधावर दिसणारा फड्या निवडुंग याच कुळातला. तोही अमेरिका खंडातून आलेला. त्याचे लांब काटे सगळ्यांना दिसतात, म्हणून माणूस ते चुकवतो. पण त्या काट्यांच्या बुडाशी आणि लालजर्द बोंडांच्या सालीवर हीच कुसळं असतात. बोंडं खाणारी पोरं ती आधी मातीत किंवा गोणपाटावर घोळून घेतात, ते याचसाठी.

मोठा काटा आणि कुसळ यांच्यातला फरक केवळ आकाराचा नाही. कुसळाच्या टोकापासून मागच्या बाजूला वळलेल्या सूक्ष्म आकड्या असतात, मासे धरायच्या गळाला असते तशा. आत जाताना त्या अडत नाहीत, बाहेर ओढताना मात्र कातडीत रुततात. शिवाय कुसळाचं बूड झाडाला अगदी सैल जोडलेलं असतं, त्यामुळे नुसत्या स्पर्शाने झुबकाच्या झुबका सुटून हातावर येतो. हात चोळला की आडवी पडलेली कुसळं उभी होऊन आत शिरतात, आणि जी शिरली आहेत ती पुढे सरकतात. कातडीच्या पातळीवर मोडलं, तर चिमट्याने धरायला टोकच उरत नाही. हा सगळा त्रास कमी करण्याचा पहिला उपाय म्हणूनच सोपा आहे: चोळायचं नाही, खाजवायचं नाही, दाताने ओढायचं नाही. दाताने ओढलेलं कुसळ ओठात किंवा जिभेत रुतून बसतं आणि तिथून काढणं जास्त कठीण असतं.

इस्राएलमध्ये या फळांची तोडणी करणाऱ्या मजुरांच्या अंगावर खाजरे पुरळ उठत असे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, अंगभर उठणारं हे पुरळ थेट खरजेसारखं दिसायचं. त्वचारोगतज्ज्ञांनी 1956 साली या विकाराचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला त्या फळाचंच, ‘साब्रा’ हे नाव दिलं. खरजेचं औषध लावून तो बरा होणारा नव्हता, कारण तिथे किडा नव्हताच. होती ती कपड्यांत अडकून पुन्हापुन्हा अंगाला लागणारी कुसळं.

काढायची कशी, याबद्दल घरोघरी वेगवेगळी मतं असतात. कुणी चिकटपट्टी आणतं, कुणी चिमटा, कुणी डिंक. अमेरिकेत काही डॉक्टरांनी यातलं खरं काय ते मोजून पाहिलं. सशांच्या कातडीत कुसळं टोचवून त्यांनी निरनिराळ्या पद्धतींनी ती काढली आणि 1987 साली बालरोगांच्या एका नियतकालिकात निकाल छापले. एकेकटी पद्धत पाहिली तर चिमटा सगळ्यांत सरस ठरला: 76 टक्के कुसळं निघाली. घरगुती पांढरा गोंद लावून, वर जाळीदार कापड ठेवून, वाळल्यावर सोलून काढला तेव्हा 63 टक्के निघाली. चेहऱ्याला लावायचा, वाळवून सोलायचा लेप त्याहून मागे राहिला. चिकटपट्टी तर निम्म्यापर्यंतही पोचली नाही. सगळ्यांत चांगला निकाल आला तो आधी चिमटा आणि मग गोंद या क्रमाने: 95 टक्के. म्हणजे शंभर कुसळं रुतली असतील तर चिमट्यानंतर साधारण चोवीस उरतात आणि गोंदानंतर पाचच. सशाची कातडी आणि माणसाचा राठ तळहात सारखे नाहीत, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचायला हवेत. पण क्रमाबद्दल त्यातून मिळणारी दिशा स्पष्ट आहे.

सगळ्यांना आधी सुचणारी चिकटपट्टी कमी का पडते? पट्टीचा चिकटपणा वरच्या सपाट भागालाच लागतो. कुसळाचा बाहेर राहिलेला तुकडा जेमतेम असतो. पट्टी दाबली की तो वाकून कातडीवर झोपतो आणि पट्टीच्या हाती त्याची एकच कड लागते. आतल्या आकड्यांची पकड तेवढ्याने सुटत नाही. उलट जोरात दाबलं तर कुसळ आणखी खोल जातं. पातळ गोंद मात्र वाहत जाऊन कुसळाला चहूबाजूंनी वेढतो आणि वाळताना घट्ट होतो, म्हणून सोलताना पकड चांगली बसते. पट्टीचा खरा उपयोग अगदी सुरुवातीला आहे. नुकतीच हातावर सांडलेली, अजून आत न शिरलेली कुसळं तिने उचलावीत. पट्टी हलकेच टेकवायची, सरळ वर उचलायची आणि प्रत्येक वेळी नवा तुकडा घ्यायचा, नाहीतर आधीची कुसळं परत अंगाला लागतात.

समजा, कुंडी बदलताना कुणाच्या तळहाताला आणि दोन बोटांना या निवडुंगाचा झुबका लागला. आधी खिडकीजवळ किंवा दिव्याखाली बसावं, आणि उजेड समोरून न घेता एका बाजूने घ्यावा. असा तिरपा उजेड पडला की कुसळं चमकतात किंवा त्यांची सावली दिसते. भिंग असेल तर फारच उत्तम. पट्टीने वरची सैल कुसळं उचलून झाल्यावर टोकदार चिमटा घ्यावा. भुवया कोरायचा रुंद तोंडाचा चिमटा इथे फारसा कामाचा नाही. चिमट्याची टोकं स्पिरिटने पुसून, कातडीच्या शक्य तितक्या जवळ कुसळ धरावं आणि ते ज्या दिशेने शिरलं आहे त्याच दिशेने, हिसका न देता, मागे ओढावं. झुबका असेल तर तो एकदम धरता येतो. काढलेली कुसळं प्रत्येक वेळी ओल्या कागदावर पुसून टाकावीत.

डोळ्यांना दिसतात तेवढी निघाली की गोंदाची पाळी. शाळेत हस्तकलेसाठी वापरतात तो पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद घ्यावा आणि त्याचा पातळ थर द्यावा. जाड थर वरून वाळतो आणि आत ओला राहतो. मग सोलताना तो फाटतो आणि कुसळं तशीच राहतात. ओल्या थरावर मलमपट्टीच्या जाळीदार कापडाचा एकच पदर अलगद टेकवावा. गोंद जाळीतून वर येतो. मग साधारण अर्धा तास हात स्वस्थ ठेवावा. पांढरा रंग जाऊन थर पारदर्शक झाला की तो वाळला. आता एका कडेने कापड धरून सावकाश सोलावं. सोललेलं कापड उजेडाकडे धरलं तर त्यात उभी अडकलेली कुसळं दिसतात, आणि काम झालं की नाही त्याचा पुरावाच हातात येतो. अजून टोचत असेल तर पुन्हा एक थर द्यावा. मुलांच्या बाबतीत चिमट्याने एकेक कुसळ उपटण्यापेक्षा हे कितीतरी सुसह्य असतं, कारण मूल अर्धा तास हात धरून बसू शकतं, चिमट्यासमोर मात्र बसत नाही.

झटकन चिकटणारा गोंद, दोन थेंबांत प्लास्टिक जोडणारा, इथे अजिबात वापरू नये. तो सोलून निघत नाही. कडक होऊन कुसळं आतच डांबून ठेवतो आणि दोन बोटं एकमेकांना चिकटण्याचा धोका वेगळाच. पांढरा गोंदही डोळ्यांच्या पापण्यांवर, ओठांवर किंवा जखमेवर लावायचा नाही. डोळ्यात कुसळ गेल्याचा नुसता संशय आला तरी घरी काही करू नये, थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावं.

राहिलेल्या पाच-दहा कुसळांचं काय होतं? वरवर रुतलेली बहुतेक कातडीची वरची साल झडते तेव्हा तिच्याबरोबर जातात. खोल गेलेल्या कुसळाभोवती मात्र शरीर गाठ बांधतं. काही दिवसांनी तिथे लालसर, टणक, दुखऱ्या बारीक पुळ्या उठतात आणि त्या आठवडे, कधी महिनेही टिकतात. कुसळ टोचल्याचं माणूस तोवर विसरलेला असतो. म्हणून अशा पुळ्या दाखवायला गेल्यावर डॉक्टरांना निवडुंगाची गोष्ट आवर्जून सांगावी. नाहीतर निदान भलतीकडे जातं.

आपल्याकडे निवडुंग म्हटलं की लोक तीनधारी निवडुंगालाही त्यातच धरतात. ते झाड वेगळ्या कुळातलं. त्याला कुसळं नसतात, पण मोडलं की पांढरा चीक येतो आणि तो कातडीला जाळतो. तिथे पट्टी-गोंदाचा प्रश्नच नाही. काटा काढून साबण-पाण्याने भरपूर धुवावं आणि हात डोळ्यांकडे नेऊ नये. काटा रुतला की रुईचा चीक लावण्याची जुनी रीत अनेक गावांत अजून आहे. हा चीकही दाहक आहे आणि डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा करतो. कुसळांवर तर त्याचा उपयोग नाहीच. सुजलेल्या कातडीतून ती काढणं आणखी अवघड होतं.

बाभळीचा किंवा बोगनवेलीचा काटा मात्र गोंदाने निघणारा नव्हे. तो धरता येत असेल तर चिमट्याने काढावा. गुडघ्यावर किंवा बोटाच्या पेरावर काटा घुसून टोक आत मोडलं असेल, आणि काही दिवसांनी तो सांधा सुजून आखडायला लागला, तर तुकडा सांध्यात गेला असण्याची शक्यता असते. साध्या एक्स-रेत लाकडी काटा बहुधा दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पुष्कळदा रुग्णाला परत पाठवलं जातं आणि सांधा सुजतच राहतो. सोनोग्राफीत तोच तुकडा दिसू शकतो, म्हणून दुखणं हटत नसेल तर ती करण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. मातीत काम करताना काटा रुतला असेल आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल, तर त्याच भेटीत तीही घेण्याबद्दल बोलावं.