अर्जासोबत कामाचा हिशेबही जोडा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पदवीधर मुलाने कबड्डी संघात कनिष्ठ व्हिडिओ विश्लेषकाच्या जागेसाठी अर्ज करताना स्वतःची तारीफ लिहू नये, काम दाखवावे, असे आम्ही सांगतो. समजा, त्याने असे लिहिले:

"बल्लारपुरातले तीन सामने मोबाइलवर टिपले. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरी 'करो वा मरो' चढाई कोणत्या बाजूने होते, ते नोंदले. बाजू चढाईपटूच्या दृष्टीने धरली. 20 पैकी 13 उजवीकडून झाल्या. आठवड्याने पुन्हा मोजून दोन नोंदी दुरुस्त केल्या, त्यानंतरचा हा आकडा. कॅमेरा कोपऱ्यात होता, बोनस रेषेवरचा पाय दिसत नव्हता, म्हणून बोनस मोजले नाहीत."

वही दोनदा ताळून पाहणाऱ्या दुकानदाराला हे पटेल. शेवटचे वाक्य गाळू नये. काय मोजले नाही हे कळले, तरच प्रशिक्षक बाकीच्या आकड्यांवर भरवसा ठेवतो.