डोळ्यात अचानक वीज चमकते, काळे ठिपके तरंगतात? डॉक्टरांकडे लगेच का जायचं?

अंधाऱ्या खोलीत मान वळवली आणि डोळ्याच्या कडेला कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं काहीतरी चमकलं. दुसऱ्या दिवशी डोळ्यासमोर माशी फिरतेय असं वाटलं, हाताने हाकलली तरी ती जाईना. डोळा दुखत नाही, लालही झालेला नाही. मग 'झोप कमी झाली असेल' किंवा 'मोबाइल जास्त पाहिला असेल' असं म्हणून बहुतेक जण गप्प बसतात.

बऱ्याचदा यातून काही वाईट घडत नाही. पण काही जणांच्या डोळ्यात त्या वेळी पडद्याला चीर पडलेली असते आणि ती वेळेत सापडली नाही तर नजर जाऊ शकते.

डोळ्यात नेमकं काय घडतं?

डोळ्याच्या आतली पोकळी जेलीसारख्या पारदर्शक पदार्थाने भरलेली असते. त्याला व्हिट्रियस म्हणतात. ही जेली साधारण ४ मिलिलिटर, म्हणजे चमचाभरापेक्षाही कमी असते. तिच्यात बहुतांश पाणीच असतं आणि ते कोलॅजनच्या बारीक तंतूंनी धरून ठेवलेलं असतं. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेला पातळ पडदा म्हणजे रेटिना. प्रकाश याच पडद्यावर पडतो आणि त्याचे संदेश मेंदूकडे जातात.

वय वाढतं तशी ही जेली पातळ होते, आक्रसते आणि एक दिवस रेटिनापासून सुटून पुढे येते. साधारण पन्नाशीनंतर हे अनेकांच्या डोळ्यात घडतं. चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल किंवा डोळ्याला मार लागला असेल, तर ते लवकरही घडू शकतं.

जेली सुटताना रेटिनाला ओढ बसते. रेटिनाला वेदना कळत नाही. तिला एकच भाषा येते, ती म्हणजे प्रकाशाची. त्यामुळे ओढ बसली की मेंदूला 'उजेड दिसला' असा संदेश जातो. ही झाली डोळ्यातली वीज. आणि जेलीतले गोळा झालेले तंतू प्रकाशाच्या वाटेत आले की त्यांची सावली रेटिनावर पडते. हे झाले तरंगते ठिपके, म्हणजेच फ्लोटर्स.

मग धोका कुठे असतो?

काही ठिकाणी जेली रेटिनाला जरा जास्तच घट्ट चिकटलेली असते. तिथून ती सुटत नाही, तर रेटिनाचा तुकडाच ओढते आणि पडदा फाटतो. ही चीर बहुतेकदा घोड्याच्या नालेच्या आकाराची असते. अचानक अशी लक्षणं घेऊन येणाऱ्या आणि जेली सुटलेल्या रुग्णांपैकी साधारण सात-आठ जणांमागे एकाच्या डोळ्यात चीर सापडते.

चीर पडली की पातळ झालेलं पाणी तिच्यातून रेटिनाच्या मागे शिरतं. भिंतीत ओल शिरल्यावर रंगाचा पापुद्रा सुटावा, तसा पडदा सुटत जातो. रेटिनातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींना ऑक्सिजन आणि पोषण मागच्या थरातूनच मिळतं. त्या थरापासून तुटल्यावर पेशींची उपासमार सुरू होते. म्हणूनच इथे वेळेला इतकं महत्त्व आहे.

एक उदाहरण पाहू

समजा, ५६ वर्षांच्या एका बाईंना मायनस ६ नंबरचा चष्मा आहे. रविवारी रात्री त्यांना उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं वाटलं. सोमवारी सकाळी त्याच डोळ्यासमोर काजळी उधळावी तसे असंख्य बारीक काळे ठिपके दिसू लागले. एखादा मोठा ठिपका दिसणं आणि असा ठिपक्यांचा पाऊस पडणं यात फरक आहे. चीर पडताना बारीक रक्तवाहिनी तुटली तर रक्ताचे कण जेलीत पसरतात, आणि हा पाऊस बहुधा त्यांचा असतो.

त्या सोमवारीच डॉक्टरांकडे गेल्या, तर चीर सापडते आणि तिच्याभोवती लेझरचे ठिपके देऊन रेटिना जागेवर पक्की केली जाते. हे काम बहुतेकदा डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकून, बाह्यरुग्ण विभागातच होतं. मात्र तो चट्टा पक्का व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर डॉक्टर सांगतील ती पथ्यं पाळावी लागतात.

पण 'शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा बघू' असं म्हणून त्या थांबल्या तर? बुधवारी खालच्या बाजूने सावली वर चढताना दिसते. इथे एक गंमत आहे. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे खालची सावली म्हणजे पडदा वरच्या बाजूने सुटतोय. वरचं पाणी वजनाने खाली उतरतं, म्हणून असा पडदा झपाट्याने सुटू शकतो. शुक्रवारी समोरच्या माणसाचा चेहराच धूसर होतो, कारण आता रेटिनाचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला सुटला आहे. वाचणं, चेहरे ओळखणं हे सगळं याच भागाचं काम.

आता लेझर पुरेसा नाही, ऑपरेशन लागतं. जेली काढून डोळ्यात गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात, किंवा डोळ्याला बाहेरून पट्टा बसवतात. गॅस भरला असेल तर अनेक दिवस डोकं ठरावीक स्थितीत ठेवावं लागतं आणि तो विरेपर्यंत विमानप्रवास बंद. पडदा बहुतेक वेळा पुन्हा चिकटतो, पण मॅक्युला एकदा सुटला की नजर पूर्वीसारखी होईलच असं नाही. फरक फक्त चार दिवसांचा असतो.

ही मायग्रेनची चमक तर नाही?

मायग्रेनमध्येही चमक दिसते, पण ती वेगळी असते. नागमोडी, चमचमणारी रेघ हळूहळू पसरते, साधारण २० ते ३० मिनिटांत ओसरते आणि आळीपाळीने एकेक डोळा झाकला तरी दोन्ही डोळ्यांना दिसते. रेटिनाची चमक क्षणभराची असते, एकाच डोळ्यात असते आणि डोळा हलवल्यावर, विशेषतः अंधारात जास्त जाणवते. पण चमक पहिल्यांदाच दिसली असेल तर घरी निदान करत बसू नका.

कधी जायचं आणि तिथे काय होतं?

वर्षानुवर्षं असलेले एकदोन ठिपके तसेच असतील तर घाई नाही. पण नवी चमक, अचानक वाढलेले ठिपके, कडेने येणारी सावली किंवा नजर धूसर होणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. सावली दिसत असेल तर रात्र असली तरी तातडीने रुग्णालय गाठा.

चष्म्याच्या दुकानातल्या नंबर तपासणीत हे कळत नाही, कारण चीर बहुधा रेटिनाच्या कडेला असते. मोठ्या अक्षरांपासून लहान अक्षरांपर्यंत सगळा तक्ता वाचता आला तरी चीर असू शकते. म्हणून 'बाहुली मोठी करून रेटिना तपासायची आहे' असं स्पष्ट सांगा. थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, त्यामुळे स्वतः गाडी चालवत जाऊ नका. आत रक्त पसरून रेटिना दिसत नसेल तर डॉक्टर डोळ्याची सोनोग्राफी करतात.

'चीर नाही' असं सांगितलं तरी विषय तिथेच संपत नाही. जेली पूर्ण सुटायला काही आठवडे लागू शकतात आणि त्या काळात थोड्या लोकांना नवी चीर पडते. म्हणून दिलेल्या तारखेला पुन्हा तपासणी करा. दरम्यान रोज एकेक डोळा झाकून दुसऱ्याने समोरच्या भिंतीकडे पाहा. ठिपके वाढले किंवा कडेला सावली दिसली, तर तारखेची वाट पाहू नका.