वेळ ठाऊक नाही, मग दुपारचे बारा

कुंडली मांडून देणाऱ्या कुठल्याही संगणकात तीन गोष्टी भराव्या लागतात: तारीख, गाव आणि वेळ. तारीख शाळेच्या दाखल्यावर असते, गाव माहीत असतं. वेळेचा रकाना मात्र रिकामा राहतो, कारण आई गेलेली असते आणि सुईणीने घड्याळ पाहिलेलं नसतं. रकाना रिकामा ठेवला तर यंत्र पुढे सरकत नाही. मग जोशीबुवा तिथे १२:०० टाकतात आणि क्षणात बारा घरांची, नऊ ग्रहांची, दशांच्या तक्त्यासकट कुंडली छापून येते. ती अचूक वेळेच्या कुंडलीपेक्षा दिसायला जराही वेगळी नसते. खरी अडचण इथूनच सुरू होते.

बारा वाजताच का? त्यामागचं गणित साधं आहे. खरी वेळ चोवीस तासांत कुठेही असू शकते. मधोमधची वेळ धरली, की चूक जास्तीत जास्त बारा तासांची होते. मध्यरात्र धरली असती तर ती चोवीस तासांपर्यंत गेली असती. बारा तासांत शनी दोन-चार कला सरकतो, गुरू पाच-सात कला, सूर्य अर्धा अंश. चंद्र मात्र दिवसाला सरासरी तेरा अंश चालतो, म्हणजे दुपारच्या चंद्रात साडेसहा अंश अलीकडे-पलीकडे धरावेच लागतात. आणि लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, चोवीस तासांत बाराही राशी फिरून येते. दुपारच्या कुंडलीत ग्रहांच्या राशी बहुतेक खऱ्या असतात, चंद्राचं स्थान अंदाजी असतं आणि लग्न हा निव्वळ तर्क असतो.

हे एका तारखेवर ताडून पाहता येतं. १५ ऑगस्ट १९४७. मध्यरात्रीच्या ठोक्याची स्वतंत्र भारताची वृषभ लग्नाची कुंडली ज्योतिषांच्या परिचयाची आहे. पण त्या दिवशी मुंबईत एखाद्या चाळीत एक मुलगी जन्मली असं समजू. वेळ कुणालाच ठाऊक नाही. तिची दुपारी बाराची कुंडली चित्रापक्षीय अयनांशाने, म्हणजे बहुतेक मराठी पंचांगांच्या पद्धतीने मांडली, तर कर्केत रवी, चंद्र, बुध, शुक्र आणि शनी असे पाच ग्रह येतात. मंगळ मिथुनेत, गुरू तुळेत, राहू वृषभेत, केतू वृश्चिकेत. दिवसभरात यातला एकही ग्रह रास बदलत नाही. हे पाच ग्रह तिच्या कर्केत आहेत, हे वेळ न विचारता सांगता येतं.

चंद्राच्या बाबतीत मात्र ती नशीबवान ठरली. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवसांच्या आसपास असतो, त्यामुळे दहातल्या साधारण चार दिवशी तो मधेच रास ओलांडतो. १५ ऑगस्टला मध्यरात्री तो कर्केच्या चौथ्या अंशाजवळ होता आणि रात्री बाराला एकोणिसाव्या अंशापाशी पोहोचला. त्या दिवशी त्याची चाल जलद होती, तेराऐवजी पंधरा अंशांची. तरीही रास सुटली नाही. हीच मुलगी दुसऱ्या दिवशी जन्मली असती तर दुपारच्या कुंडलीत कर्क रास दिसली असती. पण संध्याकाळी पाच-साडेपाचनंतरचा जन्म असता तर खरी रास सिंह ठरली असती. म्हणून दुपारची कुंडली हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे त्याच तारखेचा पहाटे बाराचा आणि रात्री बाराचा चंद्र पाहणं. दोन्हीकडे रास एकच असेल तर ती सांगावी. नसेल तर दोन्ही सांगाव्यात आणि सीमा किती वाजता ओलांडली तेही सांगावं. पंचांगात ती वेळ दिलेलीच असते.

रास टिकली, पण नक्षत्र टिकलं नाही. रात्री आठच्या सुमारास पुष्य संपून आश्लेषा लागलं. लग्न जमवताना याने काय होतं ते गुणमेलनाच्या कोष्टकात दिसतं: पुष्य देवगणाचं आणि मध्य नाडीचं, आश्लेषा राक्षसगणाचं आणि अंत्य नाडीचं. नाडीचेच छत्तीसपैकी आठ गुण. शिवाय आश्लेषावर जन्मलेल्या बाळाची परंपरेने शांत करतात. दुपारी बाराच्या कुंडलीवर ‘पुष्य’ असं ठसठशीत छापलेलं असतं आणि गुण मोजणारा तेवढंच पाहतो. प्रामाणिक उत्तर असं: चोवीसपैकी वीस तास पुष्य, शेवटचे चार तास आश्लेषा, कोष्टक दोनदा मांडा.

दशांचं चित्र आणखी ताणलेलं आहे. विंशोत्तरी दशेची सुरुवात चंद्राने जन्मनक्षत्राचा किती भाग ओलांडला त्यावर ठरते. पुष्याचा स्वामी शनी, त्याची वर्षं एकोणीस. मध्यरात्री जन्म असेल तर शनीची जवळपास अठरा वर्षं शिल्लक राहतात, दुपारी जन्म असेल तर सातच्या थोडी वर, रात्री आठला जवळजवळ शून्य. पुढे बुधाची सतरा, केतूची सात आणि मग शुक्राची महादशा, जिच्याकडे विवाह, घर, वाहन यांसाठी डोळे लावून बसतात. ती मध्यरात्रीच्या जन्माला १९८९ मध्ये येते, दुपारच्या जन्माला १९७९ च्या आरंभी, रात्री पावणेबाराच्या जन्माला १९६८ मध्ये. एकाच तारखेला, एकाच चाळीत जन्मलेल्या दोन मुलींमध्ये एकवीस वर्षांचं अंतर! दुपारच्या कुंडलीतून दशेचं वर्ष काढून देणारा माणूस मधला आकडा निवडतो, इतकंच. त्याला ते माहीत असेलच असंही नाही.

पण सर्वांत मोठी फसगत लग्नामुळे होते. १५ ऑगस्टला मुंबईत दुपारी बाराला तूळ लग्न होतं. म्हणजे तुळेचा गुरू थेट लग्नात आणि कर्केतले पाचही ग्रह दशमात, कर्माच्या घरात. हे पाहून कुणालाही हुरूप येईल: लग्नी गुरू, दशमात रवीसह पंचग्रही! पण दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो आणि कुंडलीत डोक्यावरचं घर म्हणजे दशम. कुठल्याही तारखेची वेळ बारा धरा, रवी दशमात किंवा त्याच्या शेजारच्या घरात येणारच. वेळ माहीत नसलेल्या माणसांना कुंडली असा राजयोग सरसकट वाटते. हीच मुलगी सूर्योदयाला जन्मली असती तर ते पाच ग्रह लग्नात आले असते, सूर्यास्ताला सप्तमात, मध्यरात्री तृतीयात.

मंगळाच्या दोषाची गोष्ट तर अगदी तासांवर येते. मंगळ मिथुनेत आहे. दुपारी बाराच्या तूळ लग्नाला तो नवम स्थानी, म्हणजे मंगळ नाही. दोन वाजता वृश्चिक लग्न होतं. मंगळ अष्टमात, म्हणजे कडक मंगळ. सकाळी दहाला कन्या लग्न, मंगळ दशमात, दोष नाही. पहाटे साडेपाचला कर्क लग्न, मंगळ व्ययात, पुन्हा दोष. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं ही स्थानं धरली तर बारापैकी पाच लग्नांना मुलगी मंगळी ठरते. वेळ नसताना लग्नावरून ‘मंगळ नाही’ असं लिहून देणं जितकं चूक, तितकंच ‘मंगळ आहे’ म्हणणंही. चंद्रावरून मंगळ पाहण्याचा प्रघात काहीजण पाळतात. तिथे मात्र उत्तर पक्कं आहे: कर्क राशीपासून मिथुन बारावी, आणि ते दिवसभर बदलत नाही. असं उत्तर देताना ते चंद्रावरून दिलं आहे, हे कागदावर लिहिलं पाहिजे.

वेळ नसली तर लग्नाचा तक्ता काढूच नये आणि चंद्राला पहिल्या घरात ठेवून राशिकुंडली मांडावी, हा जुना मार्ग आजही सर्वांत स्वच्छ आहे. घरं असतात, पण ती लग्नाची आहेत असा दावा नसतो. पाश्चात्त्य ज्योतिषात लॉइस रॉडेन या अमेरिकन अभ्यासिकेने जन्मवेळेच्या खात्रीनुसार श्रेणी लावून ठेवल्या. जन्मनोंदीतून आलेली वेळ असेल तर सर्वांत वरची श्रेणी, आणि केवळ तारीख माहीत, वेळ नाही, तर एक वेगळीच खूण. आपल्याकडच्या छापील पत्रिकांवर अशी खूण नसते. ‘वेळ गृहीत’ हे दोन शब्द वर लिहिले तरी पुढची पिढी ती पत्रिका खरी समजून चालणार नाही.

हे सगळं झालं आकाशाचं गणित. बुध कर्केत आहे हे खरं, पण त्याने तिचा स्वभाव ठरतो का, हा प्रश्न उरतोच. पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी घेतलेल्या चाचणीत शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका होत्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती कुणाची ते ओळखायचं होतं. सरासरी शेचाळीस टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या पत्रिका तर पुरत्या वेळेनिशी मांडलेल्या होत्या. १ जूनच्या जन्मतारखेला याहून वेगळा प्रश्न लागू होतो: शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेल्या त्या तारखेची कुंडली मांडली तर चंद्राची राससुद्धा त्या माणसाची नसते.

मात्र तारीख खरी असेल तर वेळ शोधण्यासाठी घड्याळाआधी माणसांना विचारावं. १९४७ सालचा तो श्रावण अधिक होता. मावशी म्हणाली, “धोंड्याच्या महिन्यात झाली, अवसेच्या तोंडावर, दिवेलागणीला,” तर या एका वाक्यात तीन खुणा आहेत. महिना आणि तिथी तारखेशी जुळतात, कारण सकाळी वद्य चतुर्दशी होती आणि अमावास्या रात्री आठच्या सुमारास लागली. दिवेलागण म्हणजे साडेसहा ते साडेसात. या तासात चंद्र पुष्यातच राहतो, त्यामुळे गण आणि नाडी पक्की. शुक्राची दशा १९७२ च्या आरंभापासून १९७३ च्या आरंभापर्यंत केव्हातरी सुरू होते. एकवीस वर्षांचा पल्ला वर्षावर आला. लग्न मकर की कुंभ हे अजूनही सांगता येत नाही. पण मकरेला मंगळ सहावा आणि कुंभेला पाचवा, म्हणजे लग्नावरून मंगळ दोन्हीकडे नाही. शिवाय मावशीने ‘दिवेलागण’ न म्हणता घड्याळातले सात सांगितले असते तर आणखी एक प्रश्न विचारावा लागला असता. त्या काळी मुंबईतली काही घड्याळं भारतीय प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे चालणाऱ्या ‘बॉम्बे टाइम’वर लावलेली असत. त्या घड्याळात सात वाजून वीस मिनिटं झाली, की प्रमाणवेळेने आठ वाजायला आलेले असतात आणि पुष्य संपत आलेलं असतं.