नकाशा एकच, मग रंग वेगळे का?

परवा सोसायटीच्या ऑफिसात दोन नाखवांचा वाद झाला. दोघांच्या मोबाईलवर एकाच दिवसाचा, एकाच उपग्रहाचा समुद्राच्या तापमानाचा नकाशा. एकाच्या चित्रात पाणी सगळं पिवळं, दुसऱ्याच्यात मधोमध ठळक पट्टा. "तुझा नकाशा खोटा" इथपर्यंत गोष्ट गेली. खरं तर दोन्ही बरोबर होते.

हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहांच्या स्कॅनवरून आपल्याला मासळीच्या संभाव्य क्षेत्राची सूचना देते. पण उपग्रह रंग पाठवत नाही. त्याच्या नोंदीवरून पाण्याच्या प्रत्येक तुकड्याचं तापमान काढतात, म्हणजे शेवटी हाती येतो तो आकडा. रंग नंतर कॉम्प्युटर भरतो, आणि कुठल्या आकड्याला कुठला रंग ते चित्राच्या कडेच्या रंगपट्टीवर ठरतं.

समजा एका ठिकाणी पाणी 27.4 अंश आहे आणि जरा पुढे 28.2. फरक 0.8 चा. मासळी अनेकदा अशाच थंड-गरम पाण्याच्या सीमेवर सापडते. आता पट्टी 20 ते 32 अंशांची असेल तर हा फरक तिचा पंधरावा भाग. दोन्ही ठिकाणं पिवळसरच दिसणार, सीमा डोळ्याला कळणारच नाही. पट्टी 26 ते 30 ची केली की तोच फरक पाचवा भाग होतो. एकीकडे निळसर हिरवं, दुसरीकडे पिवळसर, आणि मध्ये रेघ स्पष्ट. पाणी तेच, पट्टी बदलली.

ब्राईटनेसचा प्रकार वेगळा. तो कमी-जास्त केला की सगळं चित्र एकदम काळवंडतं किंवा फिकं पडतं. रात्रीचा डोळ्यांना आराम देणारा मोड चालू असला की निळ्यावर पिवळी झाक येते. उन्हात डेकवर तर बारीक फरक दिसतच नाहीत. यात आकडा कुठेच बदलत नाही.

म्हणून दोन चित्रं ताडताना आधी तारीख आणि वेळ बघा. मग दोन्ही पट्ट्यांची टोकं वाचा. शेवटी दोन्हींवर एकच अक्षांश-रेखांश धरा आणि तिथल्या रंगाचा आकडा आपापल्या पट्टीवर शोधा. आकडे जुळले तर स्कॅन एकच. बरेच लांब असले तर वेळ किंवा उपग्रह वेगळा आहे का ते तपासा.

एक लक्षात ठेवा: पांढरा किंवा काळा डाग थंड पाणी असेलच असं नाही. बहुतेक वेळा वर ढग असतो आणि खालचं पाणी उपग्रहाला दिसलेलंच नसतं.

बोट काढताना रंगावर जाऊ नका. सूचनेत लिहिलेली दिशा, अंतर, खोली आणि अक्षांश-रेखांश घ्या. ते कुठल्याही मोबाईलवर सारखेच दिसतात.