कोसंबींचे सूत्र आणि कपाशीचा जनुकनकाशा

जळगावची खाण्याची केळी त्रिगुणित आणि बिनबियांची, त्यामुळे तिच्या संकराची संतती मोजून जनुकनकाशा काढता येत नाही. जळगाव-धुळ्याच्या कपाशीत तो काढता येतो.

समजा, संकराच्या १०० झाडांत अ आणि ब या खुणा १० वेळा सुट्या झाल्या, ब आणि क २० वेळा. मग अ आणि क ३० वेळा सुटायला हव्यात, पण मोजणीत २८ येतात. एका झाडात दोन्ही टप्प्यांवर क्रॉसओव्हर झाला, म्हणून टोकांच्या खुणा पुन्हा एकत्र आल्या. तिथले दोन्ही क्रॉसओव्हर मोजणीतून निसटले.

ही तूट भरण्यासाठी हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये सूत्र दिले, पण त्यात एक क्रॉसओव्हर शेजारचा दुसरा रोखत नाही असे गृहीत आहे. त्या हिशेबाने अशी २ झाडे हवी होती. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दा. ध. कोसंबी यांनी १९४४ मध्ये, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, हा अडथळा हिशेबात धरला:

d = 25 ln[(1+2r)/(1−2r)]

इथे r म्हणजे पुनर्संयोजनाचे प्रमाण, d सेंटिमॉर्गनमध्ये. टप्पे १०.१ आणि २१.२, बेरीज ३१.३, थेट २८ टक्क्यांवरून ३१.६. हॉल्डेनच्या सूत्राने बेरीज ३६.७ आणि थेट अंतर ४१.० येते. इथे कोसंबींचेच सूत्र जुळते.

r ५० टक्क्यांजवळ गेला की दोन्ही सूत्रे निरुपयोगी, म्हणून लगतच्या खुणाच जोडाव्यात. जवळच्या दोन खुणांमधली एकटीच खूण उलटी दिसली, तर आधी प्रयोगशाळेतले वाचन तपासा; अशा चुकांनी नकाशा खोटा लांबतो.