सहा वेळा j

गेल्या वर्षी ८ ऑक्टोबरला, बुधवारी, आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची तपासणी झाली. संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. "बरोबर सहा आठवड्यांनी आणा, चष्म्याचा नंबर काढायचाय. सकाळी साडेअकरा चालेल ना?" मी लॅपटॉपवर गूगल कॅलेंडर उघडून बसलो होतो. फोन एका हातात होता, म्हणून दुसऱ्या हाताने t दाबलं, मग w, आणि मग सहा वेळा j. समोर १९ नोव्हेंबरचा आठवडा आला. त्या बुधवारी सकाळी काहीच नव्हतं. "चालेल," म्हणालो.

यातलं प्रत्येक अक्षर म्हणजे एक शॉर्टकट. t म्हणजे टुडे, आजच्या तारखेवर या. d, w, m म्हणजे डे, वीक, मंथ: दिवस, आठवडा किंवा महिना दाखवा. j ने पुढे जायचं, k ने मागे. सोबत Ctrl किंवा Shift काही दाबायचं नाही, नुसतं अक्षर. मात्र ही सोय चालू असावी लागते. वरच्या दातेरी चाकावरून Settings मध्ये जा, तिथे Keyboard shortcuts या भागात Enable keyboard shortcuts च्या चौकोनात खूण करा. नंतर कॅलेंडरवर ? दाबलं की सगळ्या शॉर्टकटची यादी समोर येते.

खरी गोम j मध्ये आहे. ते किती पुढे नेणार, हे समोर कोणता व्ह्यू आहे त्यावर ठरतं. आठवडा उघडा असेल तर सहा वेळा j म्हणजे सहा आठवडे. तेच सहा j दिवसाच्या व्ह्यूमध्ये दाबले असते तर मी १४ ऑक्टोबरला पोचलो असतो, आणि महिन्याच्या व्ह्यूमध्ये थेट पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी t, म्हणजे मोजायला कुठून सुरुवात करायची ते पक्कं होतं. मग d, w किंवा m, म्हणजे एका पावलात किती अंतर कापायचं ते ठरतं. पावलं त्यानंतर टाकायची. t ने व्ह्यू बदलत नाही. महिना उघडा असेल तर चालू महिना येतो, आठवडा असेल तर चालू आठवडा. कुठेही भरकटलात तरी एका कळीत घरी परतता येतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरची सवय असलेले आपण कायम महिन्याच्या पानावर विचार करतो, आणि पुष्कळ जण कॉम्प्युटरवरही तोच व्ह्यू कायमचा उघडा ठेवतात. दवाखाने आणि दुरुस्तीवाले मात्र आठवड्यांत आणि दिवसांत बोलतात. "दहा दिवसांनी टाके काढू" ऐकलं की t, d आणि दहा वेळा j. बोटांवर मोजणं नको, आणि ऑक्टोबर तीसचा की एकतीसचा हा घोळही नको.

पुढे-मागे जायला j आणि k ही अक्षरं का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये vi नावाचा एडिटर लिहिला. ते ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करत होते, त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. बाण h, j, k, l याच कळांवर छापलेले होते, आणि त्यात j खाली, k वर. प्रोग्रॅमर मंडळींच्या बोटांत ती सवय मुरली आणि तिथून ती जीमेलमध्ये आणि कॅलेंडरमध्ये आली. सवय नसेल तर n आणि p, म्हणजे नेक्स्ट आणि प्रीव्हियस, हेही तेच काम करतात.

नुसत्या अक्षरांमागेही कारण आहे. मॅकवरच्या कॅलेंडरमध्ये आजच्या तारखेला Cmd+T, नव्या नोंदीला Cmd+N, आणि दिवस, आठवडा, महिन्याला Cmd+1, Cmd+2, Cmd+3. तो स्वतंत्र प्रोग्रॅम असल्यामुळे हे चालतं. गूगल कॅलेंडर राहतं ब्राउझरच्या पोटात, आणि तिथे Ctrl+T ने नवा टॅब उघडतो, Ctrl+W ने चालू टॅब बंद होतो. या जोड्या आधीच घेतलेल्या असल्याने कॅलेंडरच्या वाट्याला सुटी अक्षरं उरली. आठवडा बघायला कुणी सवयीने Ctrl+W दाबलं तर कॅलेंडरच डोळ्यांसमोरून नाहीसं होतं.

सुट्या अक्षरांची दुसरी अडचण मी स्वतः अनुभवली आहे. नवी नोंद करायची असेल तर c दाबायचं, म्हणजे क्रिएट. पूर्ण फॉर्म उघडतो आणि कर्सर शीर्षकाच्या जागी जाऊन बसतो. तिथे d टाइप केलं तर d च उमटतं, कारण लिहायच्या चौकटीत अक्षरं पुन्हा साधी अक्षरं होतात. एकदा फॉर्म उघडायच्या आधीच मी dental लिहायला लागलो. d ने दिवसाचा व्ह्यू आला. e ने निवडलेल्या नोंदीचा तपशील उघडतो, पण काही निवडलेलं नसल्याने काहीच झालं नाही. n ने पुढचा दिवस आला, t ने परत आज, आणि a ने सगळ्या नोंदींची यादी. पडदा असा भराभर उड्या मारू लागला की ओळखावं, कर्सर चौकटीत नाही. हात थांबवायचा आणि c पासून पुन्हा सुरुवात करायची.

उड्यांनी काही बिघडत नाही. बिघडवते ती Backspace. एखादी नोंद निवडलेली असताना खोडायचं म्हणून ही कळ दाबली तर अख्खी नोंदच उडते. लगेच z दाबलं की ती परत येते. उशिरा लक्षात आलं तरी तीस दिवसांपर्यंत ती कचऱ्याच्या टोपलीत सापडते.

छोट्या नोंदीसाठी c ऐवजी q दाबलं तर लहानशी चौकट उघडते. फॉर्म कोणताही असो, तारखेच्या जागी काय आलंय ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्या दिवशी मी c दाबलं, "आई, चष्म्याचा नंबर" असं लिहिलं, तारीख १९ नोव्हेंबर आणि वेळ साडेअकरा केली, आणि Ctrl+S ने नोंद जपून ठेवली. Esc ने न जपता बाहेर पडता येतं. शीर्षक मराठीत लिहिलं असेल तर कीबोर्ड मराठीवरच राहून जातो. पुढच्या वेळी अक्षरं ऐकेनाशी झाली तर भाषा इंग्रजीवर आणून पाहावी.

फोन ठेवण्याआधी तिकडून आणखी एक तारीख मिळाली: पुढच्या वर्षी ५ ऑगस्ट, बुधवार, वार्षिक तपासणी. इतक्या लांब j ने चालत जाण्यात अर्थ नाही. त्यासाठी g आहे, गो टू डेट. छोटी चौकट येते, तारीख लिहून Enter दाबायचं. मी 5/8/2026 लिहिलं आणि समोर ८ मे उभा राहिला, शुक्रवार. सेटिंगमध्ये तारखेची पद्धत अमेरिकन राहिली होती, त्यात महिना आधी येतो. वार जुळला नाही म्हणून चूक तिथेच पकडली गेली. Language and region खाली Date format बदलून दिवस आधी आणला, पुन्हा g दाबलं, तीच तारीख लिहिली. या वेळी वर बुधवार दिसला.