विश्लेषण : कॉलमच्या सळईवर ४० मिलिमीटर काँक्रीट कशासाठी? सळयांचा जोड चुकला तर गंज लवकर का चढतो?

जुईनगर, नेरुळ, वाशीच्या जुन्या इमारतींत छताचे पोपडे पडून तांबूस सळया उघड्या पडल्याचे दृश्य नवे नाही. पश्चिमेला पाम बीच मार्ग आणि त्यापलीकडे ठाणे खाडी. त्यामुळे दोष बहुतेकदा ‘खाऱ्या हवेला’ दिला जातो. पण तीच हवा शेजारच्या कॉलमला काही करत नाही, असेही दिसते. फरक अनेकदा सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीत, म्हणजे कव्हरमध्ये असतो.

काँक्रीट सळईला गंजण्यापासून कसे वाचवते?

केवळ झाकून नव्हे. सिमेंटमुळे काँक्रीटच्या आतले पाणी तीव्र अल्कधर्मी असते, पीएच साधारण १२.५ ते १३. अशा पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो आणि गंज जवळपास थांबतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत शिरतो, चुन्याशी संयोग पावतो आणि पीएच ९च्या खाली आणतो. ही प्रक्रिया सळईपर्यंत पोहोचली की तो थर टिकत नाही. मिठातले क्लोराइड त्याहून वाईट, कारण पीएच न उतरताही ते या थराला भोके पाडतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असल्याने तो आतूनच काँक्रीट फोडतो. म्हणजे पोपडे पडतात तेव्हा गंज बराच पुढे गेलेला असतो.

कव्हर थोडे कमी झाले तर किती बिघडते?

वाटते त्यापेक्षा बरेच जास्त. कार्बन डायऑक्साइड आत जाण्याची खोली काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. सोप्या भाषेत, पहिल्या १० वर्षांत १० मिलिमीटर आत गेले तर २० मिलिमीटर जायला ४० वर्षे लागतात. कव्हर निम्मे केले की संरक्षणाचा काळ निम्मा नव्हे, पाव होतो. आयएस ४५६ कॉलमसाठी किमान ४० मिलिमीटर कव्हर सांगते. ते मोजायचे सर्वांत बाहेरच्या लोखंडापासून, म्हणजे रिंगपासून. किनारी हवेला उघड्या भागासाठी ४५ मिलिमीटर लागते.

मग सळयांचा जोड कुठे आला?

इथेच साइटवर कव्हर हरवते. सळई पूर्ण उंचीची मिळत नाही, म्हणून खालची आणि वरची सळई काही अंतर शेजारी ठेवून बायंडिंग तारेने बांधतात. हा लॅप. तार ताकद देत नाही, ती फक्त जागा धरून ठेवते. एका सळईतला ताण भोवतालच्या काँक्रीटमार्फत दुसरीत जातो, म्हणून लॅप पुरेसा लांब हवा. १६ मिलिमीटरची फे ५०० सळई आणि एम ३० काँक्रीट घेतले तर ताणातल्या सळईसाठी हिशेब सुमारे ७२५ मिलिमीटर येतो. साइटवर बऱ्याचदा ‘पन्नास डाया’ म्हणजे ८०० मिलिमीटर धरतात.

आता अडचण अशी की दोन सळया एकाच जागी मावत नाहीत. खालची सळई आत वाकवून (साइटवर याला क्रँक म्हणतात) वरची तिच्या मूळ रेषेत उभी करायची असते. उतार एकास सहा, म्हणजे १६ मिलिमीटर सरकायला सुमारे १०० मिलिमीटर लांबी. क्रँक न करता वरची सळई बाहेरून बांधली तर रिंगही तितकीच बाहेर सरकते. ४० मधले १६ गेले, उरले २४. वर्गाचा हिशेब लावा. ४० मिलिमीटरला जिथे ५० वर्षे लागली असती तिथे २४ला सुमारे १८ वर्षे. हा फक्त कार्बन डायऑक्साइडचा हिशेब, मीठ वेगळे.

शिवाय जोडाच्या जागी लोखंड दाट होते. सगळ्या सळया एकाच पातळीवर जोडल्या तर खडी आत जात नाही आणि पोकळ्या राहतात. आयएस १३९२० म्हणूनच एका जागी निम्म्याच सळया जोडायला सांगते आणि जोड मजल्याच्या वर लगेच न देता कॉलमच्या मधल्या अर्ध्या उंचीत द्यायला सांगते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तो स्लॅबवरच दिसतो, कारण तिथे काम सोपे जाते.

रहिवाशांनी काय पाहावे?

पुनर्विकासाचे काम सुरू असेल तर काँक्रीट ओतण्यापूर्वीच. शटरिंग आणि रिंगच्या मध्ये काँक्रीटचेच कव्हर ब्लॉक बांधलेले आहेत का, की फरशीचे तुकडे खुपसलेत? तारेची टोके आत वळवली आहेत का? बाहेर राहिलेले टोक गंजाला थेट वाट देते.

जुन्या इमारतीत सळईच्या रेषेत जाणारी सरळ भेग, तांबूस डाग आणि ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज पाहावा. अभियंता कव्हर मीटरने जाडी मोजतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारल्यास जिथे गुलाबी होते तिथे अल्कधर्म शिल्लक आहे आणि जिथे रंग येत नाही तिथपर्यंत कार्बन डायऑक्साइड पोहोचला आहे. मिठाचा पत्ता मात्र या चाचणीत लागत नाही. त्यासाठी काँक्रीटची पूड प्रयोगशाळेत तपासावी लागते.